गोत्र विचारलं की या चुका टाळा

पूजेला बसलेला यजमान एका ठिकाणी हमखास अडखळतो. हातात पळीभर पाणी आणि अक्षता असतात, मी संकल्प सांगत असते आणि मध्येच थांबून विचारते, "गोत्र?" तो बायकोकडे बघतो, बायको सासूबाईंकडे बघते आणि सासूबाई म्हणतात, "ह्यांना माहीत होतं." हे गेलेले असतात. मग कोणीतरी घाईघाईने काहीतरी सांगून टाकतं. गेली कित्येक वर्षं पौरोहित्य करताना माझ्या लक्षात आलंय, की गोत्र माहीत नसल्याने काहीच अडत नाही. घोळ होतो तो घाईत ठोकून दिलेल्या उत्तराने.

आधी आम्ही विचारतो कशासाठी, ते सांगते. संकल्प नीट ऐकलात तर तो एक पत्ता आहे हे कळेल. भरतखंडे, दंडकारण्ये देशे, गोदावर्याः दक्षिणे तीरे हे स्थळ झालं. शालिवाहन शक, संवत्सर, अयन, ऋतू, मास, तिथी, वार, नक्षत्र हा काळ झाला. मग हे कर्म करतोय कोण, ते सांगायचं, म्हणून गोत्र आणि नाव. पुण्यात एकाच नावाची माणसं गल्लीगल्लीत असतात. गोत्रामुळे त्यातला कोणत्या कुळाचा, हे ठरतं. परंपरेने सात ऋषी आणि आठवे अगस्त्य यांच्या वंशातून गोत्रं निघाली असं मानतात.

प्रवर ही वेगळी गोष्ट आहे. यज्ञात अग्नीला बोलावताना, "ज्या ऋषींनी तुला पूर्वी बोलावलं, त्यांच्याच वंशातला हा यजमान आहे" असं सांगत त्या पूर्वजांची नावं घेत. ती नावं म्हणजे प्रवर. ती एक, दोन, तीन किंवा पाच असतात, चार कधीच नसतात. बहुतेक घरांची तीन असतात. भारद्वाज गोत्राचे आंगिरस, बार्हस्पत्य, भारद्वाज. काश्यप गोत्राचे काश्यप, आवत्सार, नैध्रुव. वत्स गोत्राचे मात्र पाच: भार्गव, च्यावन, आप्नवान, और्व, जामदग्न्य. काही गोत्रांच्या प्रवरांत शाखेप्रमाणे एखाद्या नावाचा फरक पडतो, म्हणून शेजाऱ्याचं गोत्र तेच असलं तरी त्याचे प्रवर उचलून सांगू नयेत.

सत्यनारायण, वास्तुशांत, गणपतीची प्रतिष्ठापना यांना प्रवर लागतच नाहीत, नुसत्या गोत्रावर काम होतं. प्रवर लागतात ते मुंजीत अभिवादन शिकवताना आणि लग्नात कन्यादानाच्या वेळी, दोन्हीकडच्या तीन पिढ्यांचा उच्चार करताना. तेव्हा सत्यनारायणाला प्रवर आठवत नाहीत म्हणून घाम फोडून घेऊ नका.

आता चुका. सगळ्यात जास्त होणारी म्हणजे गोत्राऐवजी भलतंच सांगणं. "गोत्र?" म्हटलं की "देवगण" असं उत्तर येतं, कधी कुलदैवताचं नाव येतं, कधी देवक. गण आणि नाडी पत्रिकेतल्या, नक्षत्रावरून ठरतात. एकाच आईच्या दोन मुलांचे गण वेगळे असू शकतात, गोत्र मात्र एकच. देवक म्हणजे लग्नात पुजतात ते कुळाचं चिन्ह: पंचपल्लव, कळंब, साळुंकीचं पीस असं काही. मराठा आणि इतर अनेक समाजांत सोयरीक जुळवताना खरं महत्त्व देवकालाच असतं आणि गोत्र कुणी विचारतही नाही. अशा घरातल्या यजमानाने "आमच्यात गोत्र सांगायची पद्धत नाही, देवक पंचपल्लव आहे" असं सरळ सांगावं. यात कमीपणा काहीही नाही. क्षत्रिय आणि वैश्य यजमानाच्या यज्ञात त्याच्या पुरोहिताचे प्रवर घ्यावेत, असं जुन्या सूत्रकारांनीच सांगून ठेवलंय. म्हणजे यजमानाला स्वतःचे प्रवर नसणं ही गोष्ट शास्त्राने फार पूर्वीच गृहीत धरली आहे. त्यावरून कोणी गुरुजी यजमानाला चारचौघांत खाली बघायला लावत असतील, तर चूक त्यांची आहे.

दुसरी चूक आडनावावरून गोत्र शोधण्याची. जोशी, कुलकर्णी, देशपांडे ही कामावरून आणि वतनावरून पडलेली नावं आहेत. नुसत्या जोशांतच कितीतरी गोत्रं सापडतील. इंटरनेटवरच्या यादीत आपलं आडनाव दिसलं म्हणून समोरचं गोत्र आपलं होत नाही. आडनावाबरोबर मूळ गाव आणि कुलदैवत जुळलं, तर मात्र त्या यादीला थोडा अर्थ येतो.

तिसरी चूक पोथी समोर ठेवून स्वतः पूजा करणाऱ्यांची. पोथीत "अमुकगोत्रोत्पन्नः अमुकशर्मा" असं छापलेलं असतं आणि लोक तेच मोठ्याने वाचतात. व्हिडिओ लावून पूजा करणाऱ्यांचंही असंच होतं. गुरुजी "अमुक" म्हणून थांबतात, यजमानही "अमुक" म्हणून मोकळा. ती जागा तुमच्यासाठी सोडलेली असते, तिथे स्वतःचं गोत्र आणि नाव घालायचं.

पण खरा गुंता होतो पितृपक्षात, महालयाच्या वेळी. नेहमीच्या पूजेत एकच गोत्र पुरतं. महालयात गेलेल्या प्रत्येक आप्ताचा उच्चार त्याच्या त्याच्या गोत्रासह करायचा असतो आणि लोक सगळ्यांना स्वतःचंच गोत्र लावून टाकतात.

गेल्या वर्षीचं एक घर सांगते. यजमानांचं गोत्र वासिष्ठ. वडील, आजोबा, पणजोबा वासिष्ठ, इथपर्यंत सोपं. मग आई. त्यांनी आईच्या माहेरचं भारद्वाज सांगितलं. चूक. लग्नानंतर स्त्रीचं गोत्र नवऱ्याचं होतं, म्हणून आई, आजी, पणजी तिघीही वासिष्ठच. त्यानंतर आईचे वडील. इथे ते सवयीने "वासिष्ठ" म्हणाले. हीपण चूक. आजोळच्या आजोबांचं, त्यांच्या वडिलांचं आणि आजोबांचं गोत्र भारद्वाज, आणि आजोळच्या आज्यांचंही तेच. मामा भारद्वाज. काका वासिष्ठ. आत्याचा जन्म वासिष्ठ गोत्रातला, पण ती शांडिल्यांकडे दिलेली, म्हणून तिचा उच्चार शांडिल्य. सासरेबुवांचं गोत्र बायकोच्या माहेरचं, ते तिला पाठ होतं. दत्तक गेलेला एक चुलतभाऊ होता, त्याला दत्तक घेतलेल्या घरचं गोत्र लावलं.

राहिली मावशी. तिच्या सासरचं गोत्र कोणालाच ठाऊक नव्हतं. यजमान हळूच म्हणाले, "तिला आपलंच लावू का? नाहीतर वगळू?" मी म्हटलं, "दोन्ही नको. काश्यप म्हणा."

गोत्र माहीत नसेल तर काश्यप गोत्र घ्यावं, हा धर्मशास्त्रातला सरळ निर्णय आहे. त्यामागे शतपथ ब्राह्मणातलं वचन आहे: सर्वाः प्रजाः काश्यप्यः, सगळी प्रजा कश्यपाचीच. त्यामुळे पूजेत अडखळलात तर एवढंच म्हणा, "गुरुजी, गोत्र माहीत नाही." गुरुजी पुढे "काश्यपगोत्रोत्पन्नः" म्हणतील आणि कर्म पूर्ण होईल. आठवल्यासारखं करून वासिष्ठ-भारद्वाज असं एखादं ओळखीचं नाव फेकू नका. ते त्या दिवसापुरतं राहत नाही. पुढच्या वेळी मुलगा तेच सांगतो आणि दोन पिढ्यांत ते घराचं गोत्र होऊन बसतं.

तीच काळजी काश्यपाबद्दलही घ्यायला हवी. हे गोत्र त्या संकल्पापुरतं घेतलेलं असतं. ते स्थळाच्या माहितीपत्रकात लिहू नका. मुलाकडच्यांना गोत्र माहीत नव्हतं म्हणून त्यांनी काश्यप लिहिलं आणि मुलीचं गोत्र खरंच काश्यप निघालं, असा प्रसंग मी पाहिलाय. मांडवात मुलीच्या काकांनी "हे सगोत्र होतंय" म्हणून आवाज चढवला आणि मुहूर्ताची घटका तिथेच गेली. खरं तर मुलाचं गोत्र काश्यप नव्हतंच, ते अज्ञात होतं. अशा वेळी दुसरी वाट असते. गोत्र-प्रवर माहीत नसणाऱ्याने आचार्यांचे गोत्र-प्रवर घ्यावेत, अशीही तरतूद आहे. त्या लग्नात शेवटी तेच केलं. हे साखरपुड्यालाच गुरुजींशी बोलून ठरवलं असतं, तर मुलीच्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं नसतं. कायद्याचं म्हणाल तर सगोत्र आणि सप्रवर विवाहाची आडकाठी 1946 सालीच कायद्याने दूर झाली. 1955 चा हिंदू विवाह कायदा पाहतो ते जवळचं नातं: आईकडून तीन आणि वडिलांकडून पाच पिढ्यांतलं सपिंडत्व.

खरं गोत्र शोधायचं असेल तर आईवडिलांवर थांबू नका. वडिलांच्या बाजूचे चुलते, चुलतचुलते, ज्यांचं सुतक तुम्हाला येतं ते भाऊबंद, यांचं गोत्र तेच तुमचं. घरात संध्या करणारा एखादा म्हातारा माणूस असेल तर त्यांना "गोत्र काय" असं न विचारता "मुंजीत शिकवलेलं अभिवादन म्हणून दाखवा" असं सांगा. नुसतं विचारलं तर आठवत नाही, पण म्हणायला लागले की प्रवर, गोत्र, शाखा ओळीने बाहेर येतात. बऱ्याच घराण्यांचे कुलवृत्तांत छापलेले आहेत, त्यात मूळ गाव आणि गोत्र मिळतं. नाशिक आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या वह्या असतात. तिथे आडनावाआधी मूळ गाव सांगा, कारण शोध गावावरूनच लवकर लागतो. पणजोबा कधी यात्रेला गेले असतील तर त्यांच्या नावाची नोंद सापडण्याची शक्यता असते. कश्यप म्हणायचं की काश्यप, यावर अडून बसू नका. ऋषी कश्यप, त्यांचं गोत्र काश्यप. वसिष्ठ आणि वासिष्ठ तसंच.

त्या महालयाच्या घरातल्या यजमानांनी दुपारी पानं उठल्यावर मावसभावाला फोन लावला. गोत्र निघालं कौशिक. त्यांनी यादीवर मावशीच्या नावापुढचं काश्यप खोडलं, कौशिक लिहिलं, आणि तो कागद देवघराच्या खणात पंचांगाखाली ठेवला.