कार्ड नर्फ केलंय? मग पॅच नोट्स लिहिताना या चुका टाळा

“राखेतला कावळा : खेळाचा समतोल राखण्यासाठी या कार्डात किरकोळ बदल करण्यात आला आहे.”

कार्ड गेम बनवणाऱ्या चौघांच्या टीममध्ये पॅच नोट्स, म्हणजे अपडेटमधल्या बदलांची यादी, लिहायचं काम माझ्याकडे होतं, तेव्हा मी लिहिलेली ही ओळ. अपडेट निघाल्यावर अर्ध्या तासात पहिला प्रश्न आला, “म्हणजे नक्की काय बदललं?” दुसऱ्यानं लिहिलं, “डेक मोडीत निघालाय आणि तुम्ही किरकोळ म्हणताय?” दोघांचंही बरोबर होतं. ही एक ओळ पुरती सोलून काढली, तर नर्फच्या, म्हणजे कार्डाची ताकद कमी करण्याच्या, नोट्समधल्या बहुतेक चुका तिच्यातच सापडतात.

कार्ड असं होतं. किंमत 3 एनर्जी. मजकूर : “खेळताच, या फेरीत तुमची जितकी पात्रं मेली तितकी कार्डं उचला.” आम्ही त्याला “जास्तीत जास्त 2” अशी मर्यादा घातली. आधी लोक एका फेरीत पाच-सहा कार्डं उचलत होते.

जुना मजकूर न देणं

ही चूक सगळ्यात स्वस्तात टळते, म्हणूनच बहुधा ती सर्रास होते. लिहिणाऱ्याला कार्ड पाठ असतं, त्यामुळे तो फक्त नवा मजकूर देतो. वाचणाऱ्याला मात्र अपडेटनंतर जुनं कार्ड खेळात कुठेच बघायला मिळत नाही. दोन ओळी एकाखाली एक द्या, आधी आणि आता, दोन्ही कार्डावर जशा छापल्यात तशाच. “उचलायच्या कार्डांवर मर्यादा घातली” हे तुमचं वर्णन झालं, कार्डाचा मजकूर नव्हे.

दोन ओळी समोरासमोर आल्या की “किरकोळ”, “थोडंसं”, “हलकासा” हे शब्द आपोआप गळून पडतात, कारण बदल केवढा ते वाचणाऱ्याला स्वतःच दिसतं. हर्थस्टोन या कार्ड गेममधलं वॉरसाँग कमांडर आठवून बघा. 3 किंवा त्याहून कमी अटॅक असलेलं पात्र मैदानात आणलं की हे कार्ड त्याला चार्ज द्यायचं, म्हणजे ते त्याच फेरीत हल्ला करू शकायचं. ऑक्टोबर 2015 मध्ये ते बदलून “तुमच्या चार्ज असलेल्या पात्रांना +1 अटॅक” एवढंच उरलं. नाव तेच, चित्र तेच, पण कार्ड दुसरंच झालं आणि त्यावर उभा असलेला डेक गेला. अशा बदलाला कुठलंही सौम्य विशेषण लावा, ते खोटंच वाटणार. डेक मोडायचाच असेल तर तसं लिहावं : “या बदलानंतर हा डेक आजच्या रूपात चालणार नाही, हे आम्हाला माहीत आहे.” हे वाक्य लिहिताना हात अडखळतो, पण वाचून कुणी चिडल्याचं मी अजून पाहिलेलं नाही. चिडतात ते न लिहिल्यावर.

खरं कारण एक, छापलेलं दुसरं

“समतोल राखण्यासाठी” हे कारणच नाही. कुठल्याही कार्डाच्या कुठल्याही बदलाला ते लागू पडतं. पण त्याहून वाईट चूक आम्ही दुसऱ्या मसुद्यात केली. “या कार्डाचा विन रेट फार जास्त आहे,” असं लिहिलं. आकडा बरा दिसतो, वादाला जागा ठेवत नाही असं वाटतं. दुसऱ्या दिवशी एका खेळाडूनं सरळ विचारलं, “यापेक्षा जास्त विन रेटचा डेक आहे, त्याला हात का नाही लावला?” उत्तर नव्हतं, कारण आमचं खरं कारण विन रेट नव्हतंच.

खरी कारणं दोन होती. एक, हा डेक चालवणाऱ्याची एकच फेरी इतकी लांबायची की समोरचा नुसता बसून राहायचा, आणि तक्रारी हरण्याच्या नव्हत्या, बसून राहण्याच्या होत्या. दोन, पुढच्या संचात आपलीच पात्रं बळी देणारी बरीच कार्डं येणार होती. कावळा तसाच राहिला असता, तर त्यातलं प्रत्येक कार्ड मुद्दाम कमजोर बनवावं लागलं असतं. दोन्ही कारणं सांगण्यासारखी होती. फक्त ती मतं आहेत आणि आकडा म्हणजे पुरावा, या समजुतीपोटी आम्ही आकड्याआड लपलो.

एक साधी कसोटी सांगतो. ज्या बैठकीत नर्फ ठरला तिथे कोण काय बोललं ते आठवा. टेबलावर बोललं गेलेलं कारण नोट्समध्ये नसेल, तर नोट्स चुकल्या. पुढच्या संचातली कार्डं आधी फोडायची नसतील, तर “येणाऱ्या काही कार्डांसोबत हे धोकादायक ठरतंय” एवढंच लिहा. नाव झाकलेलं चालतं, कारण बदललेलं चालत नाही.

चूक टीमची असेल तर तेही कारणच असतं. मॅजिक द गॅदरिंगमध्ये नाडू हे कार्ड जून 2024 मध्ये आलं आणि 26 ऑगस्टला मॉडर्न फॉरमॅटमधून बंद झालं. त्यानंतर त्याच्या डिझायनरनं स्वतः लिहिलं, की मजकूर शेवटच्या टप्प्यात बदलला, बदललेल्या रूपात कार्ड खेळून पाहिलं गेलं नाही आणि फुकटात वापरता येणाऱ्या क्षमतांशी त्याचा होणारा मेळ नजरेतून सुटला. लोक चिडले नाहीत असं नाही. पण चूक कुठल्या टप्प्यावर झाली हे कळल्यामुळे बोलणं त्या टप्प्याबद्दल होऊ शकलं.

आकडा द्यायचा तर कुठला?

विन रेट खरोखरच कारण असेल तर जरूर द्या, पण तो कशाचा आहे ते सांगा. इथे प्रामाणिक माणसंही फसतात.

समजा, एका डेकच्या 1000 नोंदी आहेत आणि त्यात 520 विजय. म्हणजे 52 टक्के, अगदी सोज्वळ आकडा. पण त्यातल्या 400 नोंदी मिरर मॅचच्या असतील, म्हणजे समोरही तोच डेक असेल, तर तिथे एक जिंकला की दुसरा हरणारच. 400 पैकी 200 विजय ठरलेलेच. उरलेल्या 600 नोंदींत विजय 320, म्हणजे 53 टक्क्यांहून थोडं जास्त. डेक जितका लोकप्रिय, तितका त्याचा एकूण आकडा 50 कडे ओढला जातो. तेव्हा “मिरर मॅच वगळून” हे तीन शब्द नोट्समध्ये हवेतच. नाहीतर 52 टक्क्यांवर नर्फ का, हा प्रश्न येणार आणि तो रास्त असणार.

एकट्या कार्डाचा आकडा आणखी फसवा. “हे कार्ड खेळल्यावर लोक इतक्या वेळा जिंकतात” हे मोजणं सोपं आहे. पण काही कार्डं माणूस जिंकत आलेला असतानाच खेळतो. शेवटचा घाव घालणारं महागडं कार्ड घ्या. हरणाऱ्याच्या हातात ते तसंच पडून राहतं आणि मोजणीत येतच नाही. म्हणून खेळलेल्या कार्डापेक्षा हातात आलेल्या कार्डाचा आकडा बघावा : ते उचललं गेलं त्या सामन्यांत काय झालं, आणि त्याच डेकमध्ये ते आलंच नाही तेव्हा काय झालं. दोन्हींतला फरक हे कार्डाचं खरं वजन.

एका नर्फला एक आकडा पुरे. कुठल्या रँकचा आणि किती दिवसांचा ते सोबत लिहा. वरच्या रँकमध्ये डोईजड झालेलं कार्ड खालच्या रँकमध्ये कुणी वापरतही नसतं. “आमच्याकडे तर हे कधी दिसलंच नाही” असं तिथला खेळाडू म्हणतो, तेव्हा तोही खोटं बोलत नसतो.

“करण्यात आला आहे”

मराठीत सरकारी कागदासारखं लिहिलं की ते सभ्य वाटतं, असा एक समज आहे. “निदर्शनास आले आहे”, “बदल करण्यात आला आहे”, “कृपया नोंद घ्यावी”. यात सभ्यपणा कमी, अंग काढून घेणं जास्त. कुणाच्या निदर्शनास? कुणी केला? “आम्ही कावळ्याची ताकद कमी केली” या वाक्यात करणारा दिसतो, आणि तेच पुरेसं सभ्य आहे.

खेळाडूंना दोष देणारे शब्दही असेच नकळत शिरतात. “काही खेळाडू या कार्डाचा गैरवापर करत होते” असं मीही एकदा लिहून बसलो होतो. छापील मजकुराप्रमाणे कार्ड वापरणं हा गैरवापर कसा? ते कार्ड आम्ही बनवलं, विकलं, त्यांनी वापरलं. ज्यानं तो डेक जुळवायला तासन् तास घालवले, तोच या नोट्स सगळ्यात लक्ष देऊन वाचणार आहे. उलट टोकाची चूक म्हणजे सबंध नोट्सभर माफी. बदल योग्य वाटत असेल तर बदलाबद्दल माफी मागू नये, उशीर झाला असेल तर उशिराबद्दल मागावी. “गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत” यात दोन्ही नाही.

आणि पुढचं वचन देऊ नका. “यापुढे या कार्डाला हात लावणार नाही” हे कुणालाच ठाऊक नसतं. मॅजिकमध्येच 24 एप्रिल 2017 ला स्टँडर्ड फॉरमॅटमध्ये काही बदल नाही असं जाहीर झालं आणि दोनच दिवसांत फेलिडार गार्डियन या कार्डावर तिथे बंदी आली. तेव्हा “पुढचे दोन आठवडे आकडे बघणार आहोत” इतकंच म्हणा, आणि मग खरंच बघा.

नोट्स निघून गेल्यावर

चूक कुठली झाली ते पहिल्या दिवसाच्या प्रतिक्रियांवरून ओळखता येतं. “आधी काय होतं?” असं विचारत असतील तर जुना मजकूर राहिलाय. “मग अमुक कार्ड का सोडलं?” हा प्रश्न पुन्हा पुन्हा आला, तर दिलेलं कारण फक्त याच कार्डाला लागू होत नाही. कारण अधिक नेमकं करा, किंवा ते खरं आहे का ते तपासा. “माझी कार्डं गेली, आता?” हे दिसलं तर परताव्याची ओळ विसरलात : काय परत मिळेल, किती, कुठल्या तारखेपर्यंत, आणि आपोआप की मागावं लागेल. ही ओळ बदललेल्या कार्डाखालीच हवी, पानाच्या तळाशी नाही. आणि नोट्समध्ये नसलेला बदल कुणी शोधून काढला, तर तो त्याच नोट्समध्ये तारखेसह जोडा, “ही नोंद आमच्याकडून राहिली” असं लिहून. गुपचूप मजकूर बदललात तर जुन्या पानाचा फोटो कुणाकडे तरी असतोच.

आमची शेवटी उभी राहिलेली नोंद अशी होती :

“राखेतला कावळा (3 एनर्जी)
आधी : खेळताच, या फेरीत तुमची जितकी पात्रं मेली तितकी कार्डं उचला.
आता : खेळताच, या फेरीत तुमची जितकी पात्रं मेली तितकी कार्डं उचला, जास्तीत जास्त 2.
हा डेक सगळ्यात जास्त जिंकणारा नाही. पण त्याची एक फेरी इतकी लांबते की समोरच्याला करण्यासारखं काही उरत नाही, आणि पुढच्या काही कार्डांसोबत हे आणखी वाढलं असतं. मर्यादा 3 ठेवूनही पाहिली, फेरी फारशी लहान झाली नाही. या बदलानं डेक नक्कीच कमजोर होईल. हे आम्ही कार्ड आणतानाच ओळखायला हवं होतं. पुढचे 14 दिवस कावळा मोडलात तर बनवायला लागलेलं सगळं साहित्य परत मिळेल.”

त्यावर आलेला पहिला प्रश्न असा होता, “मर्यादा 3 ठेवली होती तेव्हा फेरी किती लांब होत होती?”