प्रयोगशाळेसाठी प्रमाणित वजने मागणारा प्रस्ताव कसा लिहावा

उपकरणांची वार्षिक तपासणी व्हावी म्हणून मुख्याध्यापकांकडे लांबलचक यादी पाठवली, तर ती बहुधा फायलीतच राहते. म्हणून आधी काय विकत घ्यावे लागत नाही, हे ठरवावे. तापमापकासाठी कुटलेला, वितळू लागलेला बर्फ पुरतो; त्यात ० अंश दिसले पाहिजे. उकळत्या पाण्याच्या वाफेत मात्र १०० अंशांची अपेक्षा धरू नये. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ५८० मीटर उंचीवर असल्यामुळे येथे पाणी साधारण ९८ अंशांनाच उकळते, आणि हे ध्यानात न घेतल्यास चांगला तापमापक नादुरुस्त ठरतो.

खरी खरेदी वजनांची आहे. समजा, शाळेतील इलेक्ट्रॉनिक वजनकाटा ३०० ग्रॅम क्षमतेचा असून ०.०१ ग्रॅमपर्यंत वाचन देतो. त्यासाठी १०० आणि २०० ग्रॅमची, एफ-२ वर्गाची, एनएबीएल या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेच्या प्रमाणपत्रासह दोन वजने मागावीत. या वर्गात १०० ग्रॅमच्या वजनाला १.६ मिलिग्रॅमची चूक चालते, म्हणजे काट्याच्या ०.०१ ग्रॅमच्या एका अंकाच्या सहाव्या भागाइतकी. त्याखालच्या एम-१ वर्गात ती ५ मिलिग्रॅम, म्हणजे अर्धा अंक होते. एफ-२ हून वरचा वर्ग मागणे हा या काट्यासाठी निव्वळ खर्च आहे. पीएच मीटर असेल तर ४, ७ आणि ९.२ ची बफर द्रावणे जोडावीत. ती टिकत नाहीत, म्हणून दरवर्षीच्या खर्चात धरावीत.

प्रस्तावाला वजन येते ते एका वाचनाने. दुसऱ्या शाळेकडून प्रमाणित वजन तासभर मागून आणावे, काटा अर्धा तास चालू ठेवावा, पंखा बंद करावा आणि वजन चिमट्यानेच ठेवावे. १०० ग्रॅमला ९९.९३ दिसले, तर काटा बिघडलाच असे समजू नये. दिल्लीत जुळवलेला काटा नाशिकला आणला, तर येथील गुरुत्वाकर्षण किंचित कमी असल्यामुळे नेमका एवढाच फरक पडतो. प्रस्तावात मग असे लिहावे :

“दिनांक … रोजी १०० ग्रॅमच्या प्रमाणित वजनाचे वाचन ९९.९३ ग्रॅम आले. काटा येथेच जुळवण्यासाठी व दर जूनमध्ये तपासण्यासाठी दोन वजनांच्या खरेदीस मंजुरी मिळावी, ही विनंती.”

सोबत दरपत्रके जोडावीत. प्रमाणपत्राचा खर्च त्यात धरला आहे का, हे पाहावे. अनेकदा तो वेगळा लावला जातो. वजनांची नोंद डेडस्टॉक रजिस्टरमध्ये कोण करील आणि कपाटाची किल्ली कोणाकडे राहील, हेही त्याच पानावर लिहावे, कारण मुख्याध्यापकांचा पहिला प्रश्न तोच असतो. तपासणीच्या वेळी जुळवण्यापूर्वीचे वाचन आधी वहीत उतरवावे आणि मगच कॅलिब्रेशनची कळ दाबावी. तसे न केल्यास काटा वर्षभरात किती सरकला, हे कधीच कळत नाही.