मैल आणि किलोमीटरची बालकथा लिहिताय? या चुका टाळा

गाडी पुण्याहून साताऱ्याला निघाली आहे. मागच्या सीटवर आठ वर्षांचा नातू आणि आजोबा. आजोबा सहज म्हणतात, "शिरवळ आता मैलभरच राहिलं." नातू विचारतो, "आजोबा, मैल मोठा की किलोमीटर? आणि का?" इथवर कथा छान चालते, अडते ती उत्तरापाशी.

बहुतेक जण आजोबांच्या तोंडी "१ मैल म्हणजे १.६०९ किलोमीटर" एवढंच घालतात. हे "किती"चं उत्तर झालं. मुलाने विचारलं होतं "का". खरं कारण पायांत आहे. मैल हा शब्द लॅटिनमधल्या "हजार"वरून आला, म्हणजे रोमन सैनिकांची हजार पावलं.

पण "हजार पावलं" लिहून थांबलात, तर सगळी कथाच कोसळते. मोठ्या माणसाचं एक पाऊल साधारण ७५ सेंटिमीटरचं. हजाराने गुणलं की ७५० मीटर होतात, म्हणजे मैल किलोमीटरपेक्षा लहान ठरतो! चौकस मूल हा गुणाकार करणारच. रोमन लोक डावा पाय टेकल्यापासून पुन्हा डावाच टेकेपर्यंत एक मोजत. ते जोडपाऊल सुमारे १.४८ मीटरचं, म्हणून त्यांचा मैल १४८० मीटरच्या आसपास.

हे कृतीतून दाखवा. चहाला थांबल्यावर, हमरस्त्यापासून दूर हॉटेलच्या अंगणात बाबा चालतात आणि आजोबा फक्त डावा पाय मोजतात. दहा जोडपावलांना टेप लावली की १५ मीटरच्या आसपास भरतात. शंभराने गुणा, १५०० मीटर. नातवाची दहा जोडपावलं मात्र जेमतेम १० मीटर, म्हणजे हजारांचा बरोबर किलोमीटर. हा निव्वळ योगायोग, आणि तसं कथेत सांगायलाच हवं. नाहीतर किलोमीटर लहान मुलांच्या पावलांवरून आला असं वाचणाऱ्याला वाटेल. तो कुणाच्याच पावलांवरून आलेला नाही. १७९०च्या दशकात फ्रान्समध्ये उत्तर ध्रुव ते विषुववृत्त या अंतराचे दहा हजार भाग कल्पून तो ठरवला गेला.

१५०० आणि १६०९ मधली तफावतही गाळू नका. आजोबांना फर्लांग ठाऊक असतो, तो इथे कामाला येतो. १५९३ साली इंग्लंडच्या कायद्याने मैल ८ फर्लांगांचा केला. फर्लांग ६६० फुटांचा, म्हणून मैल झाला ५२८० फुटांचा आणि रोमन मैलापेक्षा लांब.

आणखी एक घोटाळा आकड्यांचा. सातारा ११० किलोमीटर, म्हणजे सुमारे ६८ मैल. "मग मैलांनी गेलं तर लवकर पोचू?" असं नातवाला खुशाल विचारू द्या, पण लगेच दुरुस्त करू नका. आपण "मैलाचा दगड" म्हणतो त्यावर आकडा किलोमीटरचाच असतो, हे विसरून दगडावर मैल रंगवू नका. तोच दगड वापरा. गाडी ताशी ६० किलोमीटरच्या वेगाने, नातवाच्या हातात घड्याळ. एका दगडापासून पुढच्या दगडापर्यंत ६० सेकंद. आजोबा म्हणतात, "थांब, मैल अजून व्हायचाय," आणि ९६ सेकंद झाल्यावर बोट वर करतात.