फँटसी टीमचं नाव ठेवताय? या चुका टाळा

आयपीएलच्या साखळीत प्रत्येक संघ 14 सामने खेळतो, म्हणजे टीमचं नाव जवळपास दोन महिने रोज डोळ्यांसमोर राहतं. पहिल्या दिवशी ग्रुपवर हशा पिकवणारं नाव लवकर शिळं होतं, कारण बहुतेकदा कोटी नुसत्या उच्चारावर उभी असते. ‘हार्दिक शुभेच्छा’ घ्या. शब्द जुळला, पण शुभेच्छांचं पुढे काही घडत नाही. शिवाय ते नाव कुणीतरी आधीच घेतलेलं असतं.

त्याऐवजी ‘रोहित्र’ बघा. रोहित शर्माचं नाव त्यात अख्खं बसतं, आणि रोहित्राचं काय काय होऊ शकतं हे तासगावच्या द्राक्षबागायतदाराला सांगावं लागत नाही. रोहित शून्यावर गेला की रोहित्र जळालं. शतक आलं की फुल दाबानं लाइट. पावसानं खेळ थांबला की फ्यूज उडाला. दुखापत झाली की रोहित्र दुरुस्तीला गेलं. नाव तेच राहतं आणि दर सामन्याला बोलायला नवं मिळतं.

म्हणून नाव पक्कं करण्याआधी कागदावर चार प्रसंग लिहा: भोपळा, मोठी खेळी, दुखापत आणि तुमची टीम तळाला. प्रत्येकाला नावातूनच एक वाक्य सुचलं पाहिजे. दोनच सुचली तर नाव बदला. आपली टीम तळाला गेल्यावरचं वाक्य सर्वात महत्त्वाचं, कारण ‘अजिंक्य’, ‘सम्राट’ असली नावं नेमकी तिथंच उघडी पडतात.

दुसरी चूक म्हणजे खेळाडूला फ्रँचायझीशी बांधणं. नोव्हेंबर 2024 च्या लिलावात लखनौनं ऋषभ पंतला 27 कोटींना घेतलं आणि ‘दिल्लीचे पंत’ छापाच्या नावांतला जीव गेला. ‘पंतप्रतिनिधी’ मात्र टिकतं. पंतला बाहेर बसवलं तरी त्याच्या जागी घेतलेला कीपर प्रतिनिधीच ठरतो. टीममध्ये सूर्यकुमार असेल तर आणखी मजा, कारण सूर्यनमस्काराचा प्रसार करणारे भवानराव पंतप्रतिनिधी आपल्या सातारा जिल्ह्यातल्या औंधचेच राजे.

लांबीकडेही लक्ष द्या. मोबाइलच्या गुणतक्त्यात लांब नाव मध्येच तुटतं. ‘आमच्या गल्लीचे पंतप्रतिनिधी’ मधलं ‘आमच्या गल्लीचे’ एवढंच दिसलं तर कोटी गेलीच. दोन शब्दांच्या पुढे जाऊ नका आणि खेळाडूचं नाव सुरुवातीला ठेवा. काही अ‍ॅपवर नाव पुन्हा बदलता येत नाही, ते आधी तपासा.

महिला प्रीमियर लीगसाठी सांगलीकरांच्या हाताशी स्मृती मानधना आहेच. ‘स्मृतिचिन्ह’ हे नाव चारही प्रसंगांत चालतं: अर्धशतकाला स्मृतिचिन्ह प्रदान, भोपळ्याला स्मृतिचिन्ह परत, दुखापतीला स्मृतिचिन्ह कपाटात, आणि टीम तळाला गेली तर ‘उत्तेजनार्थ’.