सपोर्ट बॉटची मेमरी: पूर्ण संभाषण ठेवायचं की त्यातून काढलेल्या नोंदी? या चुका टाळा

आरओ मशीन विकणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीचा सपोर्ट बॉट आहे असं समजू. ठाण्यात राहणाऱ्या एक ग्राहक त्याला लिहितात: "मशीन आईकडे पुण्याला आहे, बिल माझ्या नावावर आहे. पाणी खारट लागतंय. गेल्या वेळी तुमचा माणूस फिल्टर बदलला म्हणाला, पण आईला वाटतं नुसता धुतला." बॉट म्हणतो, "मेम्ब्रेन खराब झाला असण्याची शक्यता आहे." त्या उत्तर देतात, "असेल, मला त्यातलं कळत नाही."

संभाषण संपल्यावर मॉडेल त्यातून तीन नोंदी काढतं. ग्राहक पुण्यात राहते, फिल्टर बदललेला आहे आणि मेम्ब्रेन खराब आहे. वाचायला तिन्ही नीटनेटक्या आहेत आणि तिन्हींवर विसंबता येत नाही. काही आठवड्यांनी याच बाई ठाण्यातल्या दुसऱ्या मशीनची तक्रार करतात. बॉट पुण्याचा पत्ता धरून चालतो आणि तंत्रज्ञाला नवा मेम्ब्रेन घेऊन तिकडे पाठवतो.

नोंदी काढल्या की संभाषण पुसून टाकणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही आहे. नोंद काढताना काहीतरी गळतंच, आणि काय गळलं हे त्या क्षणी कळत नाही. वरच्या उदाहरणात "आईला वाटतं नुसता धुतला" हे वाक्य गळलं आणि तक्रारीचा सगळा जीव त्याच वाक्यात होता. मूळ संभाषण हाताशी असेल तर सुधारलेल्या सूचना देऊन नोंदी पुन्हा काढता येतात. ते नसेल तर चुकीची नोंद खोडायलाही पुरावा उरत नाही. म्हणून संभाषण हा पुरावा मानावा आणि नोंद त्या पुराव्याकडे नेणारी खूण. प्रत्येक नोंदीसोबत ती कोणत्या संभाषणातल्या कितव्या वाक्यावरून घेतली हे लिहिलेलं असलंच पाहिजे.

कोण म्हणालं हे न लिहिणं

"मेम्ब्रेन खराब आहे" हे ग्राहक म्हणाल्याच नव्हत्या. तो बॉटचा अंदाज होता आणि समोरून आलेलं "असेल" म्हणजे होकार नव्हे. पण एकदा तो नोंदीत शिरला की पुढच्या वेळी बॉट तोच अंदाज वस्तुस्थिती म्हणून वाचतो आणि आणखी ठामपणे सांगतो. बॉटची चूक अशी दर फेरीत पक्की होत जाते. यावर साधा नियम आहे: बॉटच्या स्वतःच्या वाक्यांवरून ग्राहकाबद्दल किंवा मशीनबद्दल नोंद काढायची नाही. कंपनीच्या वतीने दिलेलं वचन, उदाहरणार्थ "तंत्रज्ञ गुरुवारी येईल", जरूर नोंदवावं, पण वचन म्हणूनच.

ग्राहकाच्या वाक्यातही भेद असतात. स्वतः पाहिलेलं, दुसऱ्याकडून ऐकलेलं आणि नुसतं वाटलेलं वेगळं ठेवायला हवं. आणि "पुण्यात" हे ग्राहकाबद्दल आहे की मशीनबद्दल, हे तर हवंच. वरच्या संभाषणातली एक नोंद अशी दिसायला हवी:

```json
{
  "fact": "हे आरओ मशीन पुण्यात, ग्राहकाच्या आईच्या घरी",
  "about": "machine",
  "said_by": "customer",
  "status": "stated",
  "valid_from": "2025-03-04",
  "valid_to": null,
  "source": "chat_8841#turn_1"
}
```

`status` मध्ये `stated`, `hearsay`, `guess` आणि `verified` एवढे चार पर्याय पुरतात. फिल्टर बदलल्याची गोष्ट `hearsay` मध्ये जाईल आणि आईची शंका तिच्याशेजारी वेगळी नोंद म्हणून राहील. दोन परस्परविरोधी नोंदी दिसल्या की बॉटने विचारावं, निवाडा करू नये.

"फक्त संभाषणंच ठेवू, शोधून काढू"

नोंदींचा हा त्रास पाहून काही जण दुसऱ्या टोकाला जातात. सगळी संभाषणं तुकडे करून व्हेक्टर शोधात टाकतात आणि प्रश्न आला की जवळचे तुकडे मॉडेलपुढे ठेवतात. यात अडचण अशी की हा शोध अर्थाने जवळचं आणतो, ताजं आणेलच असं नाही. "मशीन कुठे आहे?" या प्रश्नाला जानेवारीतला जुना पत्ता आणि जूनमधला नवा पत्ता जवळपास सारखेच गुण मिळवतात. नकाराचंही तसंच. "एएमसी चालू ठेवा" आणि "एएमसी चालू ठेवू नका" ही वाक्यं या शोधाला बऱ्याचदा शेजारीशेजारीच वाटतात. शिवाय लांब संदर्भाच्या मधोमध दडलेली गोष्ट मॉडेलकडून निसटू शकते. मराठी मजकुराला बहुतेक मॉडेलांत त्याच आशयाच्या इंग्रजीपेक्षा जास्त टोकन लागतात, त्यामुळे खर्चही लवकर वाढतो.

बदलत राहणाऱ्या गोष्टींसाठी, म्हणजे मशीन कुठे आहे, फोन कधी करावा, कोणती भाषा हवी यांसाठी नोंदीच हव्यात. फक्त नवी माहिती आली की जुनी नोंद पुसू नका, तिची `valid_to` तारीख भरा. "त्या दिवशी तंत्रज्ञ चुकीच्या घरी का गेला?" या प्रश्नाचं उत्तर त्या जुन्या नोंदीतच असतं. आणि "उद्या", "गेल्या आठवड्यात" हे शब्द नोंदीत तसेच सोडू नका. संभाषणाच्या तारखेवरून खरी तारीख काढून लिहा.

तक्रारीचा तपशील, लक्षणांचं वर्णन आणि वाद यांच्यासाठी मात्र मूळ शब्दांना पर्याय नाही. तिथे नोंद फक्त योग्य संभाषणापर्यंत पोहोचवते आणि बॉट तेवढाच भाग वाचतो.

जे सिस्टिममध्ये आहे तेच मेमरीत भरणं

वॉरंटी कधी संपते, ऑर्डर कुठवर आली, पैसे परत गेले का, ही उत्तरं कंपनीच्या मूळ डेटाबेसमध्ये असतात. त्यांची प्रत मेमरीत ठेवली की ती शिळी होते. ती दर वेळी तिथूनच आणावीत.

पुसताना अर्धंच पुसणं

संभाषणात लोक ओटीपी, आधार क्रमांक, कार्डाचा तपशील लिहून बसतात. हे साठवण्याआधीच झाकावं, कारण नंतर ते नोंदी, व्हेक्टर आणि बॅकअप अशा सगळीकडे पसरतं. भारताच्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात व्यक्तीला आपली माहिती दुरुस्त करून आणि पुसून घेण्याचा हक्क आहे. संभाषण पुसलं आणि त्यातून आलेली नोंद राहिली, तर ते पुसणं झालंच नाही. `source` हा रकाना इथेही कामी येतो, कारण एका संभाषणातून निघालेलं सगळं त्यावरून सापडतं.

बॉट चुकला, आता दोष कुठे शोधायचा?

उत्तर चुकीचं आलं की लगेच सूचना बदलू नका. आधी मूळ संभाषण वाचा. बरोबर माहिती त्यात नसेल तर बॉटने विचारायला हवं होतं, मेमरीचा दोष नाही. ती संभाषणात आहे पण नोंदीत नाही किंवा वाकडी आली आहे, तर नोंद काढण्याची पायरी चुकते आहे. नोंद बरोबर आहे पण त्या प्रश्नाच्या वेळी मॉडेलपुढे आलीच नाही, तर शोधात गडबड आहे. आणि पुढे येऊनही बॉटने ती वापरली नाही, तरच उत्तराच्या सूचनांना हात लावा. हे तपासण्यासाठी प्रत्येक उत्तरासोबत मॉडेलपुढे कोणत्या नोंदी आणि कोणते तुकडे ठेवले होते, ते लॉगमध्ये लिहून ठेवावं लागतं. आरओच्या उदाहरणात या लॉगवर नजर टाकली की `about` चा रकाना रिकामा असलेली "पुण्यात राहते" ही नोंद लगेच दिसते, आणि तिचा `source` उघडल्यावर बाईंनी काय लिहिलं होतं तेही.