गच्चीवरची टाकी रिकामी होण्याचा खरा वेळ : माझा अनुभव

दादरच्या आमच्या सोसायटीत गच्चीवरची ५,००० लिटरची टाकी धुण्याच्या दिवशी कामगार येऊन थांबत, कारण व्हॉल्व्ह उघडून अर्धा तास झाला तरी आत बरेच पाणी उरलेले असे. मी हिशोब मांडला. निचऱ्याच्या पाइपाचा आतला व्यास ४० मिलिमीटर, म्हणजे छेदाचे क्षेत्रफळ ०.००१२६ चौरस मीटर; टाकी भरलेली असताना २० लिटरची बादली साधारण साडेसहा सेकंदांत भरली, म्हणजे सेकंदाला ३.१ लिटर, आणि वेग सुमारे २.५ मीटर. ५,००० भागिले ३.१ केल्यास २७ मिनिटे येतात.

हे उत्तर पाण्याचा वेग शेवटपर्यंत टिकला तरच खरे ठरते. पातळी उतरते तसा दाब घटतो आणि वेग पातळीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होतो. त्यामुळे सरळ भिंतींच्या टाकीला दुप्पट, म्हणजे सुमारे ५४ मिनिटे लागतात. २७व्या मिनिटाला काठी बुडवून पाहिली, तेव्हा पाणी जवळपास पाव उंचीवर होते, आणि सूत्रही नेमके तेच सांगते.

आता आम्ही तासभर आधी व्हॉल्व्ह उघडतो. मात्र आमचा पाइप आखूड असून टाकीच्या तळाशीच, गच्चीवर उघडतो; तो खाली तळमजल्यापर्यंत भरून वाहत असेल, तर वेग फारसा घटत नाही आणि दुपटीचा नियम लावता येत नाही.