सिंकला सिलिकॉन, खिडकीबाहेर पीयू

ओट्यावरच्या सिंकच्या कडेच्या फटीत सिलिकॉन सीलंटच भरा, तेही न्यूट्रल, म्हणजे आम्ल नसलेलं. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन संगमरवरावर डाग पाडू शकतं. खिडकीची चौकट आणि बाहेरचं प्लास्टर यांच्यातल्या फटीला मात्र पॉलियुरेथेन सीलंट, म्हणजे पीयू घ्या. ते प्लास्टरला घट्ट धरतं आणि त्यावर रंगही बसतो, सिलिकॉनवर बसत नाही. आधी जुनं सिलिकॉन पूर्ण खरवडा, कारण त्याचा पातळ थर राहिला तरी नवं चिकटत नाही. फट कोरडी हवी. खोल असेल तर आत फोमची दोरी दाबा. दोन्ही कडांना मास्किंग टेप लावून गनने सलग भरा. सिलिकॉनवर साबणाच्या पाण्यात बुडवलेलं बोट फिरवा, पीयू मात्र कोरड्या पट्टीनेच दाबा. वर साय धरण्याआधी टेप काढा. सिंक 24 तास वापरू नका.